‘हात काढ’ म्हटल्यावर दुसराच हात येतो तेव्हा

प्रश्न: आमचा औसा तालुक्यातला बचत गट जवसाची चटणी विकतो. २०० ग्रॅमच्या काचेच्या बरणीचा फोटो मी एका हातात बरणी अन् दुसऱ्या हातात मोबाईल धरून काढला. मागं ओट्यावरचा सगळा पसारा दिसायलाय. फोटो एडिट करणाऱ्या एआयला ‘हात काढ, मागचं साफ कर’ असं लिहिलं तर भलतंच करायलंय. एकदा दुसराच हात आला, एकदा लेबलवरची अक्षरं बदलली. सूचना नेमकी कशी लिहायची?

उत्तर:

ताई, तुम्ही जोडलेला फोटो मोठा करून पाहिला. उजेड डावीकडच्या खिडकीतून छान आलाय, फोटो हललेला नाही, म्हणजे माल कामाचा आहे. घोळ तुमच्या दोन ओळींत आहे, आणि त्यातला पहिला घोळ तर आपल्या मराठीनंच घातलाय.

‘काढ’ या शब्दाकडे बघा. आपण दात काढतो तेव्हा तो जातो, आणि चित्र काढतो तेव्हा ते येतं. समोर चित्र बनवणारं साधन आहे, त्याला ‘हात काढ’ म्हटलं तर त्यानं हात काढून दाखवला यात त्याचं फारसं चुकलं नाही. त्यामुळं अशा सूचनेत ‘काढ’ हा शब्दच मी वापरत नाही. ‘पुसून टाक’, ‘नाहीसा कर’, ‘फोटोत राहू देऊ नको’ असं लिहितो. ‘साफ कर’ही तसलाच शब्द. तुमच्या मनात ओट्यावरची गाळणी आणि वायर होती, पण साधनाला वाटतं फोटोच साफ करायचाय. मग ते चटणीचा रवाळपणा गुळगुळीत करून टाकतं आणि जवसाच्या चटणीचं टोमॅटो सॉस होतं. तुमच्या दुसऱ्या प्रयत्नात नेमकं तेच झालंय, बरणीच्या खालच्या भागात बघा.

आता खरी गोष्ट. आपल्याला वाटतं की हाताच्या मागं फोटो आहे आणि हात खरवडला की तो उघडा पडेल. मागं काहीच नसतं. तुमच्या अंगठ्याखालचा लेबलचा तुकडा मोबाईलनं टिपलेलाच नाही. साधन तिथं अंदाजानं नवं चित्र भरतं. म्हणून सूचनेत काय घालवायचं हे निम्मंच काम झालं. त्या जागी काय यायला हवं हे तुम्ही लिहिलं नाही तर ते साधन ठरवतं, आणि त्याच्या ठरवण्यात बरणीशेजारी हटकून लाकडी पाट, कापडाची घडी आणि पुदिन्याची दोन पानं येतात.

लिहायला बसण्याआधी फोटो बोटांनी मोठा करून हाताचा माग काढा. तुमच्या फोटोत हात एकाच जागी नाही. अंगठा लेबलच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर आहे, हे तर दिसतंच. पण चटणी गळ्यापर्यंत भरलेली नाही. झाकणाखाली बोटभर काच रिकामी आहे आणि तिच्यातून मागच्या दोन बोटांची टोकं दिसतात. तळवा बरणीच्या बुडाखाली आहे, म्हणजे बरणीचा तळ फोटोत मुळी नाहीच. अंगठ्याची सावली लेबलवर पडली आहे. सोनेरी झाकणाच्या कडेत हाताचं तांबूस प्रतिबिंब आहे, आणि काचेच्या उजव्या बाजूला बांगड्यांची हिरवी झाक. एवढं सगळं मिळून तो ‘हात’ होतो.

दुसरा हात कुठून आला ते इथं कळतं. साधनानं अंगठा पुसला, पण काचेमागची बोटं तशीच राहिली. आता त्याच्यापुढं प्रश्न, ही बोटं कुणाची? त्यानं आपल्या परीनं त्यांना तळवा जोडून दिला. हाताचा कुठलाही तुकडा मागं राहिला की तो पुन्हा उगवतो. माझ्याकडं एकदा पितळी तांब्याचा फोटो आला होता. हात अगदी सफाईनं गेला, पण तांब्याच्या पोटावर पाचही बोटं आणि मोबाईल स्पष्ट दिसत होता. गिऱ्हाइकाच्या नाही, त्याच्या आईच्या लक्षात आलं. चकाकणारी वस्तू असली की मी आधी प्रतिबिंबं शोधतो आणि मग हाताकडं बघतो.

पसाऱ्याचंही तसंच आहे. तुमच्या बरणीमागं गॅसची शेगडी, चहाची गाळणी, मिक्सरची वायर आणि अजून तीन बरण्या आहेत. मागची बाजू पांढरी करायला सांगितली तरी रिकाम्या काचेतून शेगडीचा निळा डाग दिसतच राहील, कारण तो साधनाच्या लेखी बरणीचा भाग आहे. ‘काचेतून दिसणारा पसाराही’ हे तीन शब्द लिहायलाच हवेत. त्या तीन बरण्यांबद्दलही स्पष्ट सांगायचं की एकच बरणी ठेव. नाहीतर त्यांतली एखादी अर्धी राहते किंवा पुढच्या बरणीला चिकटते.

मग तळाचा प्रश्न. हातात धरलेली बरणी हवेत असते. हात गेला की तिला उभं राहायला जागा लागते, आणि ती जागा तुम्ही द्यायची. तुमच्या फोटोत झाकणाचा वरचा भाग लंबगोल दिसतो, म्हणजे मोबाईल बरणीपेक्षा थोडा वर होता. टेबलही तसंच थोडं वरून दिसायला हवं. सरळ समोरून दिसणारं टेबल आलं की बरणी चिकटवल्यासारखी वाटते. उजेड डावीकडून आहे, तर सावली उजवीकडं पडणार, आणि बुडाला जिथं काच टेबलाला टेकते तिथं एक बारीक गडद रेघ हवी. ती रेघ नसली तर बाकी सगळं बरोबर असूनही बरणी तरंगते. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फोटो खोटा आहे हे त्याला कळतं.

आता लेबल. सगळ्यात जास्त वेळ इथं द्या, कारण इथली चूक नुसती दिसायला वाईट नसते. तुमच्या अंगठ्याखाली निव्वळ वजनाचा आकडा आणि शाकाहाराचा हिरवा ठिपका आहे. पहिल्या प्रयत्नात साधनानं तिथं २५० ग्रॅम लिहून दिलं. दुसऱ्यात ठिपका आला, पण चौकटीशिवाय. त्याला खरं वजन माहीत असण्याचा मार्गच नाही. एफएसएसएआयच्या १४ आकडी क्रमांकातला एक आकडा जरी बदलला तरी तो तुमचा क्रमांक राहत नाही, आणि बरणीत २०० असताना फोटोत २५० दिसलं तर भांडायला येणारा ग्राहक बरोबर असेल. तेव्हा नियम असा धरा. अंगठ्याखाली कोरा कागद असेल तर साधनाला भरू द्या. अक्षर, आकडा किंवा खूण असेल तर भरू देऊ नका.

‘तिथं २०० ग्रॅम असं लिही’ असं सांगून भागत नाही का, हा पुढचा प्रश्न येईल. इंग्रजी आकड्यांपुरतं बऱ्याचदा भागतं. देवनागरीत अजून भरवसा धरवत नाही. जोडाक्षरं फुटतात, वेलांटी दुसऱ्याच अक्षरावर जाऊन बसते, ‘निव्वळ’चं ‘निवळ’ होतं. आणि एक अक्षर लिहिताना शेजारच्या चार अक्षरांनाही हात लागतो. मी त्या जागी मुद्दाम कोरा कागद मागतो आणि खरं लेबल नंतर वरून चिकटवतो. ते कसं, ते पुढं सांगतो.

जिथं अंगठा नव्हताच ती अक्षरं का बदलली? सूचनेवर चालणारी बरीचशी साधनं फक्त सांगितलेली जागा बदलत नाहीत, पूर्ण चित्र नव्यानं रंगवतात. त्यातली पुष्कळ आधी चित्र आवळून लहान करतात आणि शेवटी पुन्हा फुलवतात. स्टेबल डिफ्यूजन या चित्र बनवणाऱ्या एआयच्या मूळ बांधणीत ८ बाय ८ पिक्सेलच्या तुकड्याचा एक ठिपका होतो. चेहरा, भिंत, कापड यात निभावतं, पण एका ठिपक्यात मावणारं अक्षर त्यातून सुखरूप परत येत नाही. इथं थोडा हिशेब केला की उपाय सापडतो. समजा तुमचा फोटो ३००० पिक्सेल रुंद आहे आणि त्यात बरणी ९०० पिक्सेलची. साधनानं फोटो १०२४ पिक्सेलवर आणला की बरणी उरते सुमारे ३०७ पिक्सेलची. त्यावर ४० अक्षरांची बारीक ओळ असेल तर एका अक्षराला जेमतेम ७-८ पिक्सेल मिळतात. तोच फोटो आधी बरणीभोवती १४०० पिक्सेलवर कापून घेतला तर बरणी साडेसहाशेच्या वर जाते आणि अक्षराला दुप्पट जागा मिळते. शिवाय कापताना शेगडी आणि अर्धं मनगट फुकटात जातं. म्हणून आधी क्रॉप, मग सूचना. आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आणला असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला असू द्या. साध्या फोटोसारखा पाठवला की तो वाटेतच दबतो.

तुमच्या फोटोसाठी मी लिहीन ती सूचना अशी:

```
या फोटोत एका हातात धरलेली काचेची बरणी आहे.

बरणी धरणारा हात पूर्ण नाहीसा कर: लेबलवरचा अंगठा,
काचेमागून दिसणारी बोटं, बुडाखालचा तळवा, मनगट, बांगड्या.
लेबलवरची अंगठ्याची सावली, झाकणातलं हाताचं प्रतिबिंब
आणि काचेवरची हिरवी झाकही नाहीशी कर.

अंगठ्याच्या जागी लेबलचा कोरा पांढरा कागद दाखव.
तिथं कोणतंही अक्षर, आकडा किंवा चिन्ह लिहू नको.
बोटांच्या जागी रिकामी स्वच्छ काच दाखव.
बरणीचा तळ सपाट, कडा किंचित गोल, काच जाड.

मागचा सगळा पसारा आणि बाकीच्या बरण्या नाहीशा कर,
काचेतून दिसणारा पसाराही. बरणी एकच राहील.
बरणी साध्या फिकट राखाडी टेबलावर उभी आहे,
टेबल थोडं वरून दिसतं, मागं त्याच रंगाची साधी भिंत.
उजेड डावीकडून, मऊ सावली उजवीकडं,
बुडाला टेकल्याची बारीक गडद रेघ.

बरणीचा आकार, झाकणाचा रंग, चटणीचा रंग, रवाळपणा
आणि चटणीची पातळी आहे तशीच ठेव.
लेबलवरची दिसणारी अक्षरं बदलू नको.
नवीन कोणतीही वस्तू घालू नको.
```

सूचना लांब वाटेल, पण यातली प्रत्येक ओळ तुमच्या फोटोतल्या एखाद्या नेमक्या जागेकडं बोट दाखवते. ‘सुंदर’, ‘प्रोफेशनल’, ‘आकर्षक’ असे शब्द मी मुद्दाम घातले नाहीत. ते घातले की पुदिना येतो. नकाराच्या ओळींवरही फार विसंबू नका. ‘अक्षरं बदलू नको’ हे साधन ऐकतं, पण पाळतंच असं नाही. ‘कोरा कागद दाखव’ हे जास्त पाळतं, कारण त्यात काय रंगवायचं ते सांगितलंय. डावं-उजवं लिहिताना बघणाऱ्याच्या बाजूनं लिहा, बरणीच्या बाजूनं नको. भाषा मराठी चालते. एखादी ओळ त्याला कळलीच नाही असं वाटलं तर तेवढीच इंग्रजीतून देऊन बघा, पूर्ण सूचना बदलायची गरज नाही.

पहिल्या फटक्यात सगळं जमेलच असं नाही. समजा हात गेला पण सावली चुकीच्या बाजूला पडली. तेव्हा नव्या फोटोवरच ‘आता सावली फिरव’, मग ‘आता झाकण नीट कर’ असं करत जाऊ नका. प्रत्येक फेरीत पूर्ण चित्र पुन्हा रंगतं आणि लेबल थोडं थोडं विरघळत जातं. तिसऱ्या-चौथ्या फेरीला चटणीचा तपकिरी रंगही लालसर होतो. मूळ फोटो पुन्हा द्या, सूचनेतली ती एक ओळ सुधारा आणि पुन्हा चालवा. साधनात ब्रशनं जागा निवडायची सोय असेल तर फारच बरं. अंगठा आणि त्याची सावली एकाच डागात येईल अशी, कडेपासून थोडी बाहेरपर्यंत निवड करा. कातडीची एक बारीक कड जरी निवडीबाहेर राहिली तरी साधन तिला धरून नवं बोट उगवतं. असा ब्रश असेल तर लेबलचा उरलेला भाग निवडीत घेऊच नका.

आलेला फोटो तपासायची माझी पद्धत साधी आहे. मूळ आणि नवा दोन्ही गॅलरीत शेजारी ठेवून बोटानं इकडून तिकडं सरकवत राहायचं. जे हलतं ते बदललेलं. बरणीची उंची, खांदा, चटणीची पातळी हलायला नको. पातळी वर सरकली तर माल जास्त दिसतो, आणि ते साधनाला फार आवडतं. मग बुडाची वळणरेघ बघा. वरून पाहिलेल्या बरणीचं बूड झाकणाच्या वळणापेक्षा थोडं जास्त फुगीर दिसतं. ते सरळ सपाट आलं असेल तर तळ चुकीचा रंगवलाय. शेवटी खरी बरणी मोबाईलशेजारी ठेवून चटणीचा रंग जुळतो का ते बघा, स्क्रीनचा उजेड मध्यम ठेवून.

आता चिकटवण्याचं काम. अंगठा न लावलेल्या लेबलचा एक फोटो हवा. बरणी तीच, खिडकी तीच, मोबाईलची उंचीही जवळपास तीच. तेवढा लेबलचा तुकडा कापून नव्या फोटोवर थर म्हणून ठेवायचा, मापात बसवायचा आणि कडा किंचित मऊ करायच्या. थर ठेवता येणारं कुठलंही अ‍ॅप चालेल, संगणकावर गिंप फुकट मिळतं. छापखान्याकडून लेबलची फाईल मिळाली तर तीही वापरता येते, पण बरणी गोल असल्यानं ती सपाट फाईल कडेकडं दबवून वळवावी लागते. नवख्याला ते जड जातं. म्हणून फोटोच बरा. या एका पायरीनं अंगठ्याखालचं वजन, हिरवा ठिपका आणि साधनानं बिघडवलेली बाकीची बारीक अक्षरं, सगळंच एका वेळी खरं होऊन परत येतं.

तुम्हाला हा फोटो मोठ्या ऑनलाईन दुकानावर टाकायचा असेल तर राखाडी टेबल चालणार नाही. अ‍ॅमेझॉनला मुख्य फोटोत मागची बाजू शुद्ध पांढरी लागते, म्हणजे लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचा आकडा २५५, आणि वस्तूनं चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा. तिथं सूचनेत टेबल-भिंतीच्या ओळी बदलून ‘मागं आणि खाली पूर्ण शुद्ध पांढरं’ लिहा. पण दोन गोष्टी होतात. साधन पांढरं म्हणून किंचित राखाडी देतं, डोळ्याला कळत नाही, रंग मोजणाऱ्या साधनात २४५ वगैरे दिसतं. ते नंतर हातानं उजळावं लागतं. आणि पांढऱ्यावर रिकाम्या काचेची कड विरून जाते, झाकण हवेत लटकल्यासारखं दिसतं. म्हणून ‘काचेच्या दोन्ही कडांना बारीक गडद रेघ राहू दे’ ही एक ओळ वाढवा. गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉगला मात्र राखाडीच ठेवा, काच त्यावर जास्त खुलते.

तुमच्या या प्रयत्नांत मिळून जेवढा वेळ गेला असेल त्याच्या निम्म्यात हा फोटो पुन्हा काढता येतो, हेही सांगून ठेवतो. लेबलचा फोटो काढायला बरणी खिडकीशी न्यावी लागणारच आहे. तेव्हा कडाप्प्याच्या ओट्यावर नको, तो काळा आणि चकचकीत, त्यात पुन्हा सगळी शेगडी दिसेल. स्टुलावर पांढरा ड्रॉइंग पेपर अंथरा, मागची कड भिंतीला चिकटवून कागद वळणानं वर जाऊ द्या, बरणी त्यावर ठेवा आणि मोबाईल दोन्ही हातांनी धरा. तो फोटो नीट आला तर वरच्या सूचनेतल्या हाताच्या सगळ्या ओळी गळतात. मागं राहिलेला स्टुलाचा कोपरा आणि कागदाची घडी पुसायला पसाऱ्याची ओळ पुरते, तिच्यात पसाऱ्याच्या जागी या दोन गोष्टींची नावं लिहा आणि शेवटच्या चार ओळी तशाच ठेवा. आणि गटातल्या बाकीच्या चटण्यांच्या बरण्याही त्याच बैठकीत, मोबाईल न हलवता एकामागून एक टिपून घ्या. मग एकच सूचना सगळ्यांना चालेल.